बॅनरच्या उजव्या बाजूचं शेत

कौमुदी शिरवळकर आमच्या प्रकाशन कक्षात आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि गेली तेव्हा चौतीस. ही सात वर्षं आमची टेबलं एकमेकींना लागून होती. माझ्या टेबलावर हिंदी अहवालांची प्रुफं, तिच्या टेबलावर मोठा मॉनिटर. मी कायम नोकरीतली, ती कंत्राटी. दर एप्रिलमध्ये तिचा करार पुन्हा व्हायचा आणि दर मार्चमध्ये तिचं जेवण कमी व्हायचं. मी तिला त्यावरून चिडवत असे.

आमची संस्था लखनऊत, तेलीबागच्या पुढे, रायबरेली रोडवर. हरभरा, मसूर, वाटाणा यांवर संशोधन करणारी. कौमुदी शहरातल्या महानगर नावाच्या वस्तीतून स्कूटीवर यायची, छावणीतल्या शांत रस्त्याने. येताना दोन केळी आणायची, एक माझ्यासाठी. मला हेमामावशी म्हणायची. तिच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, वडील राजारामराव रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. लखनऊमध्येच वाढलेली मुलगी. मराठी बोलायची, पण वाक्य अर्ध्यावर आलं की हिंदीत उतरायची. “मावशी, तो फोटो ना, एकदम बेकार आलाय यार.” मग जीभ चावायची.

काम मात्र तिचं नेटकं. एक फोटो आला की त्याचे तीन आकार करावे लागत. मोबाइलवर स्टोरी म्हणून टाकायचा उभा, पोस्टसाठीचा चौकोनी आणि संकेतस्थळाच्या माथ्यावर लावायचा आडवा बॅनर. तिच्याआधी जो होता तो सरळ कात्री चालवायचा. उभ्या आकारात शास्त्रज्ञांचे हात जायचे, आडव्यात कपाळ जायचं. एका महासंचालकांना त्याने हनुवटीपासून वर कापलं होतं. कौमुदी माणसाला हात लावायची नाही. आधी माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा करून स्वतःच्या थरावर ठेवायची, मग कागद हवा त्या बाजूने वाढवायची आणि मागचं आभाळ, माती, भिंत जेवढी कमी पडेल तेवढी भरून काढायची. फोटो ओढून ताणायचा नाही हा तिचा नियम. “ताणला की माणूस जाड होतो मावशी, लोकांना कळत नाही काय चुकलंय, पण खटकतं.” भरण्यासाठी ती शक्यतो त्याच दिवशीचा, त्याच जागेचा दुसरा फोटो शोधायची. ऊन त्याच बाजूचं, सावली त्याच लांबीची. सॉफ्टवेअरला रिकामी जागा दाखवली की ते मनाने भरून देतं हे तिला येत होतं, पण ती ते आभाळापुरतं वापरायची. “झाडं ते खोटी काढतं,” म्हणायची. “आपल्याकडे झाडांचीच माणसं आहेत, पकडतील.”

आता मुक्ताताईंबद्दल सांगायला हवं. डॉ. मुक्ता देऊसकर आमच्या संस्थेत वरिष्ठ शास्त्रज्ञ. शहरातली मराठी मंडळी त्यांना फार मानत. गणपतीला आरतीचं ताट त्यांच्या हातात, नवं कुटुंब बदलून आलं की घर शोधून देणाऱ्या त्या. कौमुदीलाही त्यांनीच नोकरीला लावलं होतं. राजारामराव हे दर भेटीत बोलून दाखवत, कौमुदीच्या देखत.

ताईंनी चौदा वर्षं हरभऱ्याच्या एका वाणावर घालवली होती. मर रोगाला न जुमानणारा वाण. मर लागला की हिरवंगार झाड आठवड्याभरात पिवळं पडून उभ्या उभ्या वाळतं. हा वाण वाळत नाही, असा त्यांचा दावा होता, आणि तीन प्लॉटांत तो लावून दाखवलेला होता. मार्चमध्ये वाण जाहीर करायचा समारंभ ठरला. दिल्लीहून पाहुणे येणार होते. त्यासाठी फोटो हवा होता.

फोटो आमच्या छायाचित्रकार सौरभने काढला. चांगलाच आला होता. गुडघ्यांपासून वर ताई उभ्या, दोन्ही हात पसरलेले, एका हातात मुळासकट उपटलेलं झाड, दुसऱ्यात घाटे लागलेली फांदी. चेहऱ्यावर खरं हसू. मागे हिरवा प्लॉट. पण फोटो अगदी घट्ट काढलेला. डोक्यावर दोन बोटं जागा, हातांच्या बाहेर थोडी.

कौमुदीने तो उघडला आणि मला बोलावलं. “बघा, चौकोनी आरामात होतोय. दोन्ही बाजूंनी थोडं सोडलं की दोन्ही हात आत राहतात. स्टोरीला उभा कापला तर दोन्ही हात जातात. म्हणून तो कापायचा नाही, वर आभाळ वाढवायचं, खाली माती. वरच्या पट्टीत अकाउंटचं नाव येतं, खाली उत्तर लिहायची जागा, म्हणून चेहरा आणि झाड दोन्ही मधल्या भागात हवेत.” हे दोन तिने अर्ध्या तासात केले.

अडचण बॅनरची. तो उंचीच्या तिपटीहून जास्त रुंद. तोच नमुना सभागृहात सोळा फूट लांबीच्या फ्लेक्सवरही छापायचा होता. ताईंना पूर्ण ठेवायचं म्हणजे फोटो होता त्याच्या दुप्पट रुंद करायला हवा होता. दोन्ही बाजूंना शेत हवं होतं, आणि ते फोटोत नव्हतं.

तिने सौरभला फोन केला. त्याने त्याच दिवशी, दहा मिनिटं आधी, रुंद लेन्सने पूर्ण शेताचे चार-पाच फोटो काढले होते. त्यातला एक जुळला. उजेड तोच, आभाळाची कड त्याच उंचीवर. कौमुदीने ताईंचा थर वर ठेवला, खाली ते रुंद शेत सरकवलं, झाडांच्या ओळी ओळींना जुळवल्या, कडेचा धूसरपणा सारखा केला. दुपारी बॅनर तयार झाला. मी पाहिला तेव्हा जोड कुठे आहे ते मला सापडलं नाही.

डावीकडे हिरवं शेत होतं. उजवीकडे, बांधापलीकडे, दुसरा प्लॉट. त्यात ठिकठिकाणी पिवळे चट्टे होते, काही ओळी पार वाळलेल्या. प्लॉटच्या तोंडाशी खुंटीवर पांढरी पाटी.

मला त्यातलं काही कळलं नाही. कौमुदीलाही नाही. आमच्या दृष्टीने ते शेत होतं.

मुक्ताताई तीन वाजता आल्या. स्टोरी पाहून खूश झाल्या, चौकोनीही आवडला. “अगं, माझा हातसुद्धा कापला नाहीस. गुणाची आहेस.” मग बॅनर उघडला. त्या वाकून पाटीकडे पाहत राहिल्या.

“हे कुठून आलं?”

“सौरभचा वाइड फोटो आहे ताई. सेम डे. उजवी बाजू त्यातून घेतली.”

“ते काढून टाक.”

“प्लॉट?”

“ते पिवळं. हिरवं कर. डावीकडे आहे तसं.”

कौमुदीने खुर्ची थोडी मागे घेतली. “ताई, पण ते तिथे आहे ना. मी कुछ भी नाही लावलंय, खरं शेत आहे ते.”

“खरं-खोटं बघायला मी आहे,” ताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. “बॅनर म्हणजे शोधनिबंध नाही, कौमुदी. पाहुणे समोर बसलेले असताना माझ्या मागे वाळलेली झाडं दिसायला नकोत. तुझ्या त्या सॉफ्टवेअरला सांगितलं की करतं ना? मग सांग त्याला.”

“पण ते झाडं खोटी काढतं...”

“सोळा फुटांवरून पानं कोण मोजतंय? पाच वाजता फ्लेक्सवाल्याकडे फाइल गेली पाहिजे. आणि एप्रिल जवळ आलाय, नाही का तुझा?”

हे शेवटचं वाक्य त्या हसून म्हणाल्या. जाताना माझ्याकडे वळून, “काय हेमा, कशी आहे तब्येत तुझ्या ह्यांची?” असंही विचारलं. मी म्हटलं, बरी आहे.

मी सगळं ऐकलं. प्रत्येक शब्द. टेबलं लागून होती.

कौमुदीने खुर्ची पुन्हा पुढे घेतली. मग तिने उजवीकडचा तो भाग निवडला आणि सॉफ्टवेअरला हिरवं हरभऱ्याचं शेत भरायला सांगितलं. तीन नमुने आले. तिने त्यातला बरा निवडला, रंग जुळवला. जुना थर पुसला नाही, फक्त झाकून ठेवला. त्याचं नाव ‘असली’. नव्याचं नाव ‘मुक्ताताई हिरवं’. मला दाखवून म्हणाली, “मावशी, राहू दे, कधी लागलं तर.”

खुंटीवरची पाटी मात्र तिच्या नजरेतून सुटली. घाईत होती. सॉफ्टवेअरने पाटी ठेवली होती आणि तिच्यावर आपल्या मनाने अक्षरं काढली होती. लांबून अक्षरांसारखी, जवळून कुठल्याच लिपीतली नाहीत.

समारंभ थाटात झाला. सोळा फुटांच्या हिरव्या शेतासमोर ताईंना शाल दिली. कौमुदी मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

चौथ्या दिवशी बाहेरच्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाने संकेतस्थळावरचा बॅनर मोठा करून पाहिला. ती पाटी त्यांना दिसली. त्यांनी फेब्रुवारीत शेतकरी मेळाव्याला आले असताना त्याच प्लॉटचा मोबाइलवर फोटो काढला होता, पाटीसकट. पाटीवर ताईंच्याच वाणाचं नाव होतं आणि तिसरा प्लॉट असं लिहिलेलं होतं. पिवळा पडलेला प्लॉट दुसऱ्या कुठल्या वाणाचा नव्हता, न वाळणाऱ्या वाणाचाच होता. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी लावून वर पत्र पाठवलं आणि समाजमाध्यमांवरही टाकले. एका सकाळी संस्थेत कुणी कुणाकडे बघून बोलेना.

त्या दिवशी कौमुदीला पहिल्यांदा कळलं की तिने काय झाकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. “मावशी, तो प्लॉट ताईंचाच होता?”

“दिसतंय तसं,” मी म्हटलं.

“पण फाइल आहे ना माझ्याकडे. दोन्ही थर आहेत. और आप तो थीं ना.”

तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. केळं सोलून तिने अर्धं मला दिलं.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष डॉ. गजेंद्र सिंह. मृदू बोलणारा माणूस, समोरच्याला बेटा म्हणणारा. मुक्ताताईंनी लेखी म्हणणं दिलं. ते भाषेसाठी माझ्याकडेच आलं. त्यात होतं की आपण प्रकाशन कक्षाला फक्त तीन आकार करायला सांगितले, पार्श्वभूमीत काय भरलं ते तपासायला वेळ नव्हता, आणि तिसऱ्या प्लॉटमध्ये पाट फुटून पाणी साचल्याने रोपं वाळली होती, मर रोगाने नव्हे. मी दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ताई आमच्या क्वार्टरवर आल्या. माझ्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला होता, तो पलंगावर. क्वार्टर संस्थेच्या दवाखान्याला लागून, म्हणून निभत होतं. ताईंनी त्याची विचारपूस केली, त्याच्या उशीखालची चादर स्वतः सारखी केली. चौकशीबद्दल अक्षर काढलं नाही. निघताना चपला घालत म्हणाल्या, “हेमा, तळमजल्याचं क्वार्टर तुझ्याकडेच ठेवायचा तुझा अर्ज आहे ना, तो निवास समितीत माझ्याकडे आलाय. या आठवड्यात बघते.”

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

सुनावणी समितीच्या खोलीत झाली. कौमुदीने लॅपटॉप पडद्याला जोडला. तिने स्वतःहून फाइल उघडली, आधी ‘असली’ थर दाखवला, मग तो झाकून दुसरा उघडला. पडद्यावर पिवळं शेत हिरवं झालं. तिने ते दोनदा करून दाखवलं. तिला वाटत होतं की आता सगळं स्पष्ट झालं.

डॉ. गजेंद्र सिंह चष्मा पुसत म्हणाले, “बेटा, ये असली वाला भी आपने ही बनाया?”

“जी सर. पहले यही बनाया था.”

“मतलब आपको मालूम था कि खेत ऐसा है.”

“जी.”

“फिर भी आपने बदल दिया.”

कौमुदीने पडद्याकडे बोट केलं. मग ती म्हणाली, “सर, मैडम ने कहा था. लेयर का नाम देखिए.”

“नाम तो कभी भी बदला जा सकता है. आज सुबह भी.” ते अगदी समजावून सांगत होते. “कोई ईमेल? मैसेज?”

“टेबल के पास आकर कहा था सर. मराठी में. हेमा मैडम वहीं बैठी थीं.”

सगळे माझ्याकडे वळले. मुक्ताताई टेबलाच्या पलीकडे होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, पाण्याच्या ग्लासवर झाकण ठेवत होत्या.

कौमुदी पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. तेच मला आजही आठवतं.

मी म्हटलं, “सर, मैं प्रूफ़ देख रही थी. मेरा ध्यान नहीं था.”

“कुछ भी नहीं सुना?”

“मैडम आई थीं. क्या बात हुई, ध्यान नहीं.”

कौमुदी उठली. तिने लॅपटॉपची वायर काढली, ती दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा नीट गुंडाळून पिशवीत ठेवली.

समितीचा निष्कर्ष दोन ओळींचा होता. खऱ्या शेताची माहिती असतानाही कंत्राटी कर्मचाऱ्याने जाणूनबुजून छायाचित्रात फेरफार केला. शास्त्रज्ञांचा संबंध नाही. तिने फाइल जपून ठेवली नसती, घाईत सगळे थर एक करून टाकले असते, तर हे ‘जाणूनबुजून’ आलं नसतं. समितीला तो सरळ निष्काळजीपणा म्हणता आला असता.

तिच्याकडून माफीपत्र मागितलं. ते हिंदीत हवं होतं, म्हणून तेही माझ्या टेबलावर आलं. तिने लिहिलं होतं, ‘मुझसे जो कराया गया, उसके लिए क्षमा चाहती हूँ.’ प्रशासनाच्या बाबूने पेन्सिलीने ‘कराया गया’वर गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, दुरुस्त करें. मी ‘मुझसे जो हुआ’ केलं. ती शेजारीच बसलेली होती. कागद तिच्याकडे सरकवला तेव्हा तिने न वाचता सही केली.

महिनाअखेर करार संपला. नवा झाला नाही. वाण मात्र मंजूर झाला. बॅनर बदलला, नव्यात फक्त ताई आणि मागे साधा पांढरा रंग. माझं क्वार्टर माझ्याकडे राहिलं.

घरी राजारामराव तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. हे मला तिच्या शेजारणीकडून कळलं. नवव्या दिवशी बोलले ते असं, “मुक्तासारखी बाई खोटं बोलेल होय? सही तर तुझीच आहे माफीवर.” आणि मग हट्ट धरला की चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिने ताईंच्या घरी जायचंच. “लोकांत मिसळलीस तर विसरतील. घरात बसलीस तर आयुष्यभर बोलतील.”

ती आली. मी तिथे होते. गोमतीनगरच्या त्या दिवाणखान्यात चैत्रगौर मांडलेली, पन्ह्याचे ग्लास फिरत होते, आंब्याच्या डाळीचा वास. कौमुदी दारात दिसली तशा बायका बोलायच्या थांबल्या आणि लगेच पुन्हा जास्तच मोठ्याने बोलू लागल्या. तिला कुणी जागा दिली नाही, कुणी हाकललंही नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मुक्ताताई स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन तिच्यापाशी गेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “ही आमचीच मुलगी. चुका कुणाच्या होत नाहीत?” दोघीतिघी पुढे होऊन म्हणाल्या, खरंच, ताईंचं मन मोठं. मग ताईंनी तिला कुंकू लावलं, तिच्या ओंजळीत भिजवलेले हरभरे घातले आणि वाकून, फक्त तिला आणि मागे उभ्या असलेल्या मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, “वेडे, ते थर ठेवायचे कशाला होते? पुसून टाकायचे. मी तुला वाचवलं असतं.”

कौमुदी हरभऱ्यांकडे पाहत राहिली. म्हणाली, “हो ताई.”

पन्हं तिने घेतलं, संपवलं, ग्लास आत मोरीपाशी नेऊन ठेवला. माझ्या बाजूने गेली तेव्हा तिची ओढणी माझ्या हाताला लागली. तिने ती सावरली आणि पुढे गेली.

त्यानंतर तिने दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी संस्थेकडून पत्र मागवलं जाई आणि संस्था जे होतं ते लिहून पाठवी. शेवटी तेलीबागला बाजाराच्या टोकाशी एका फ्लेक्सच्या दुकानात ती लागली. नगरसेवकांचे वाढदिवस, कोचिंग क्लासचे निकाल, लग्नाच्या स्वागतकमानी. मालक तिच्यावर खूश होता, असं ऐकलं. मोबाइलवर काढलेल्या वेड्यावाकड्या फोटोतूनसुद्धा ती सबंध माणूस काढते, कान कापत नाही.

दोन वर्षं गेली. माझी निवृत्ती आली. सहकाऱ्यांनी निरोप समारंभ ठरवला, त्यासाठी फ्लेक्स हवा होता, ग्रुपवर टाकायला चौकोनी चित्रही. कुणीही करून दिलं असतं. मी म्हटलं, मी करून आणते. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तोवर माझा नवरा गेला होता. क्वार्टर पुढच्या महिन्यात रिकामं करायचंच होतं.

मी भर दुपारी गेले. दुकानात छपाईच्या शाईचा उग्र वास, पंख्याखाली दोन मशिनं. ती आत बसली होती, चष्मा लागला होता. केस आखूड केले होते.

“कौमुदी,” मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर ना राग आला ना ओळख दाखवायची घाई. “जी मैडम. बैठिए. साइज़ बताइए.”

मी बसले. मराठीतच बोलत राहिले. आठ बाय तीन फुटांचा फ्लेक्स, एक चौकोनी, आणि माझी मुलगी म्हणाली आहे म्हणून एक स्टोरीचा. फोटो मी माझ्या फोनवरून दिला. कार्यालयातलाच होता. मी माझ्या टेबलाशी बसलेले, आणि फोटोच्या डाव्या कडेला, अर्धा कापलेला, तिचा जुना मॉनिटर. फोटो निवडताना माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, हे खरं आहे.

तिने मला वेगळं करून वरच्या थरावर ठेवलं. चौकोनी दहा मिनिटांत केलं. उभ्यासाठी वर भिंत वाढवली, खाली टेबल. मग फ्लेक्सचा कागद दोन्ही बाजूंनी वाढवला. उजवीकडे भिंत आणि पुस्तकांचं कपाट, तिथे अडचण नव्हती. डावीकडे तो अर्धा मॉनिटर आणि त्यापुढे रिकामी पांढरी जागा.

“इधर क्या रखूँ मैडम? ये टेबल पूरा बना दूँ, या हटाकर दीवार कर दूँ?”

मी म्हटलं, “कौमुदी, मी त्या दिवशी...”

“मैडम, पीछे दो लोग खड़े हैं.”

खरंच उभे होते. एक बाई मुलाच्या मुंजीचा फोटो घेऊन, एक पोस्टरवाला.

मी म्हटलं, “जे होतं तेच ठेव. तुझं टेबल होतं तिथे.”

तिने मॉनिटरवरून नजर काढली नाही. ड्रॉवर ओढला, छापील पावत्यांचं पुस्तक काढलं, एक पान फाडून पेनासकट माझ्यापुढे ठेवलं.

“लिखकर दे दीजिए. बैकग्राउंड में क्या चाहिए, और नीचे साइन. यहाँ सबसे लेते हैं.”

मी लिहिलं. हिंदीत लिहिलं, कारण ती हिंदीत बोलत होती. बाईं ओर मेज़ और मॉनिटर, जैसा था वैसा. खाली सही केली. तिने कागद वाचला, शब्दन् शब्द वाचला, मग टेबलावरच्या खिळ्यात अडकवला.

“परसों ले जाइए,” ती म्हणाली, आणि मुंजीवाल्या बाईकडे वळली.